वकील अचानक आजारी पडल्यास सुनावणी तहकूब करण्याचा अर्ज कसा लिहावा

सुनावणीच्या दिवशी सकाळी वकील आजारी पडला, की बहुतेक वेळा कार्यालयात एका कागदावर दोन ओळी जातात : ‘वकिलांची प्रकृती ठीक नसल्याने आज काम चालवता येत नाही, सबब मुदत मिळावी.’ असा अर्ज मंजूर झाला, तर तो न्यायाधीशांच्या समजूतदारपणामुळे मंजूर झाला असे समजावे, कारण कायद्याला जे हवे असते ते त्या दोन ओळींत नसते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १७, नियम १ च्या पोटनियम (२) खालील परंतुकाचा खंड (घ) नेमका याच प्रसंगासाठी आहे. वकिलाचे आजारपण हे तहकुबीचे कारण म्हणून पुढे केले गेले, तर पक्षकाराला वेळेत दुसरा वकील नेमणे शक्य नव्हते अशी खात्री झाल्याशिवाय न्यायालयाने तहकुबी देऊ नये, असे तो खंड सांगतो. म्हणजे अर्जाने दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. वकील खरोखर आजारी आहे का, हा पहिला प्रश्न. आणि तो आजारी असला तरी त्याच्या जागी दुसरा कोणी का उभा राहू शकत नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळेच देतात. दुसरा बहुतेक अर्जांत सुटतो आणि समोरच्या पक्षाची हरकत त्याच जागी येते.

हा लेख दिवाणी दाव्यातील साक्षीपुराव्याच्या टप्प्यापुरता आहे, कारण तहकुबी नाकारली गेल्यास सर्वांत मोठे नुकसान याच टप्प्यावर होते. फौजदारी खटल्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम ३४६ लागू होते आणि तिथली गणिते वेगळी आहेत. त्यांची इथे सरमिसळ केलेली नाही.

उदाहरणासाठी घेतलेले प्रकरण

साठेखताची पूर्तता करून मिळावी म्हणून दाखल झालेला एक नियमित दिवाणी दावा डोळ्यांसमोर ठेवू. आपण प्रतिवादीच्या बाजूने आहोत. वादीचा दुसरा साक्षीदार हा साठेखतावर साक्ष घालणारा इसम असून तो परजिल्ह्यात राहतो. त्याचे सरतपासणीचे शपथपत्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी दाखल झाले आणि उलटतपासणीसाठी १८ नोव्हेंबर २०२५ ही तारीख नेमली गेली. त्या दिवशी पहाटे प्रतिवादीच्या वकिलांच्या कमरेत आणि पोटात असह्य कळा सुरू झाल्या, उलट्या झाल्या आणि पहाटे ५.४० वाजता त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मूत्रखडा असल्याचे निदान झाले. दोन दिवस रुग्णालयात आणि त्यानंतर २३ नोव्हेंबरपर्यंत घरी विश्रांती, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. कामकाज सकाळी ११ वाजता सुरू होते. वकिलांच्या कार्यालयात एक कनिष्ठ सहकारी आहेत, पण वकीलपत्रावर त्यांचे नाव नाही. याच दाव्यात प्रतिवादीने यापूर्वी एकदा, ९ सप्टेंबर रोजी, मुदत घेतलेली आहे.

पहाटे ५.४० ते सकाळी ११ या सुमारे सव्वापाच तासांत जे करायचे आहे, त्याचा क्रम महत्त्वाचा आहे.

अर्ज लिहिण्याआधीची कामे

पहिला फोन वादीच्या वकिलांना करावा. हा शिष्टाचाराचा भाग आहेच, पण त्यामागे व्यवहारही आहे. साक्षीदार परजिल्ह्यातून निघण्याआधी निरोप पोहोचला, तर त्याचा प्रवास वाचतो, खर्चाचा मुद्दा निघून जातो आणि ‘साक्षीदार हजर असूनही उलटतपासणी घेतली नाही’ ही सर्वांत जड हरकत उभीच राहत नाही. फोन लागो अथवा न लागो, त्यानंतर लगेच लेखी संदेश पाठवावा, कारण निरोप किती वाजता दिला हे पुढे दाखवावे लागू शकते.

दुसरा फोन स्वतःच्या पक्षकाराला. त्याने त्या दिवशी न्यायालयात स्वतः हजर राहायलाच हवे. वकील नाही म्हणून पक्षकारही घरी बसला, तर ती पक्षकाराची गैरहजेरी ठरते आणि आदेश १७, नियम २ चा दरवाजा उघडतो. ज्या पक्षाचा पुरावा किंवा त्याचा बराचसा भाग नोंदवून झालेला आहे तो पक्ष गैरहजर असेल, तर तो हजर असल्याप्रमाणे न्यायालय काम पुढे नेऊ शकते. हजर पक्षकार मात्र न्यायाधीशांनी विचारल्यास सकाळी काय घडले ते स्वतः सांगू शकतो, आणि अर्जावर सहीही करू शकतो.

ही सही हा तिसरा आणि बहुधा दुर्लक्षिला जाणारा मुद्दा आहे. आदेश ३, नियम ४ नुसार लेखी नेमणुकीशिवाय, म्हणजे वकीलपत्राशिवाय, कोणताही वकील पक्षकारासाठी न्यायालयात कृती करू शकत नाही, आणि अर्ज दाखल करणे ही कृतीच आहे. केवळ बाजू मांडण्यासाठी नेमलेला सहकारी त्याच नियमाच्या पोटनियम (५) प्रमाणे मेमो देऊन उभा राहू शकतो, परंतु त्या मेमोने त्याला वकीलपत्राचे अधिकार मिळत नाहीत. म्हणून अर्जावर एक तर आजारी वकिलांची सही असावी, नाही तर पक्षकाराची. वकील सही करण्याच्या स्थितीत असतील तर सहकाऱ्याने मसुदा रुग्णालयात नेऊन दोघांच्याही सह्या घेणे उत्तम. वकिलांच्या नावाने दुसऱ्याने सही करण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा; रुग्णालयात भूल दिलेल्या माणसाची ठळक, नेहमीसारखी सही अर्जावर दिसली, की खरे आजारपणही खोटे वाटू लागते.

वैद्यकीय दाखला कसा असावा

दाखला देणारे डॉक्टर न्यायालयासाठी लिहीत नसतात. ते रुग्णासाठी लिहीत असतात. त्यामुळे ‘पाच दिवस विश्रांतीचा सल्ला’ एवढाच मजकूर हाती पडतो. आपल्याला मात्र खंड (घ) मधील ‘वेळेत’ या अटीची पूर्तता दाखवायची असते आणि त्यासाठी आजाराच्या नावापेक्षा आजार सुरू झाल्याची वेळ महत्त्वाची असते. रुग्णाला किती वाजता तपासले किंवा दाखल केले, कोणत्या तारखेपर्यंत तो कामावर जाण्यास असमर्थ आहे, दाखल्याची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक एवढे दाखल्यात असावे, अशी विनंती डॉक्टरांना करावी. दाखल्यात वेळ घालणे डॉक्टरांना शक्य नसेल, तर रुग्णालयाच्या दाखल नोंदीची प्रत जोडावी. तिच्यावर वेळ छापलेली असते.

आजाराचे नाव लिहावे की नाही, हे वकिलांनी स्वतः ठरवावे. अर्ज हा प्रकरणाच्या कागदपत्रांचा भाग होतो आणि त्याची नक्कल समोरच्या पक्षाला जाते, हे लक्षात ठेवूनच ते ठरवावे. ‘तातडीच्या उपचारासाठी रुग्णालयात दाखल’ एवढे सांगणे पुरेसे असते. मूत्रखड्यासारखा आजार मात्र नाव घेऊन सांगितलेला बरा, कारण तो अचानक उद्भवतो हे कोणालाही वेगळे समजावून द्यावे लागत नाही. नाव उघड करणे अडचणीचे असेल, तर तपशिलाचे कागद बंद लिफाफ्यात न्यायाधीशांच्या अवलोकनासाठी देण्याची तयारी अर्जात लिहिता येते.

आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. त्या दिवशी वकिलांची इतर न्यायालयांतही कामे असतील, तर त्या प्रत्येक प्रकरणात तोच दाखला जोडून अर्ज गेला पाहिजे. एका न्यायालयात आजारी आणि शेजारच्या न्यायालयाच्या रोजनाम्यात हजर, अशी नोंद समोरच्या पक्षाला ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सहज सापडते. तिथे जमलेला अविश्वास नंतर कोणत्याही शपथपत्राने पुसला जात नाही.

अर्ज कोणाला उद्देशून

न्यायालयाच्या कार्यालयाला तहकुबी देण्याचा अधिकार नसतो. सहायक अधीक्षक किंवा संबंधित लिपिक अर्ज स्वीकारतात, त्याला निशाणी क्रमांक देतात आणि पुकाऱ्याच्या वेळी तो प्रकरणासोबत न्यायाधीशांसमोर ठेवतात. म्हणून कार्यालयाला उद्देशून लिहिलेल्या पत्रात दोन विनंत्या स्पष्टपणे वेगळ्या असाव्यात : कार्यालयाने अर्ज पुकाऱ्यापूर्वी न्यायासनासमोर ठेवावा, आणि न्यायालयाने सुनावणी तहकूब करावी. ‘कार्यालयाने तारीख बदलून द्यावी’ असा सूर पत्रात आला, की ते पत्र चुकीच्या हाती जाऊन पडून राहते आणि इकडे पुकारा होऊन जातो.

उदाहरणातील प्रकरणासाठी मसुदा पुढीलप्रमाणे होईल.

> प्रति,
> सहायक अधीक्षक,
> दिवाणी न्यायाधीश (वरिष्ठ स्तर) यांचे न्यायालय, (ठिकाण).
>
> नियमित दिवाणी दावा क्र. ___/२०२२
> सीएनआर क्रमांक : ____
> (वादीचे नाव) … वादी
> विरुद्ध
> (प्रतिवादीचे नाव) … प्रतिवादी
> आजचे काम : वादीचे साक्षीदार क्र. २ यांची उलटतपासणी
> तारीख : १८ नोव्हेंबर २०२५
>
> विषय : प्रतिवादीच्या वकिलांच्या आकस्मिक आजारपणामुळे आजची सुनावणी तहकूब होण्याबाबत, दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश १७, नियम १ अन्वये अर्ज.
>
> महोदय,
>
> सोबतचा अर्ज आजच्या पुकाऱ्यापूर्वी माननीय न्यायालयासमोर ठेवावा, ही विनंती. प्रतिवादीतर्फे माननीय न्यायालयास सविनय सादर करण्यात येते की,
>
> १. वर नमूद दावा आज वादीचे साक्षीदार क्र. २ यांच्या उलटतपासणीसाठी नेमलेला आहे. प्रतिवादीचे वकील श्री. ____ यांना आज पहाटे मूत्रखड्याचा तीव्र त्रास सुरू झाल्याने ५.४० वाजता ____ रुग्णालयात दाखल करण्यात आले असून, ते २३ नोव्हेंबर २०२५ पर्यंत न्यायालयात हजर राहण्यास असमर्थ आहेत. वैद्यकीय दाखला आणि रुग्णालयाच्या दाखल नोंदीची प्रत सोबत जोडली आहे.
>
> २. प्रतिवादीच्या वकीलपत्रावर श्री. ____ यांचे एकट्याचेच नाव आहे. काल सायंकाळपर्यंत त्यांची प्रकृती चांगली होती आणि आजच्या कामाची तयारी त्यांनी पूर्ण केली होती. साक्षीदार क्र. २ हे साठेखतावरील साक्षीदार असून, त्यांची उलटतपासणी साठेखत, पैशांच्या पावत्या आणि उभयतांमधील पत्रव्यवहार यांच्या आधारे घ्यावयाची आहे. प्रतिवादीने आज सकाळी दुसऱ्या वकिलांकडे विचारणा केली असता, कागदपत्रे न वाचता उलटतपासणी घेण्यास त्यांनी असमर्थता दर्शवली. त्यामुळे आजच्या कामासाठी वेळेत दुसरा वकील नेमणे प्रतिवादीस शक्य झाले नाही.
>
> ३. या दाव्यात प्रतिवादीतर्फे यापूर्वी एकदा, ९ सप्टेंबर २०२५ रोजी, मुदत घेण्यात आलेली आहे. त्याखेरीज प्रतिवादीने तहकुबी मागितलेली नाही.
>
> ४. वादीच्या वकिलांना आज सकाळी ६.५० वाजता दूरध्वनीने व लेखी संदेशाने याची माहिती देण्यात आली असून, अर्जाची नक्कल त्यांना देण्यात येत आहे. साक्षीदार आज हजर झाल्यास माननीय न्यायालय ठरवील तो प्रवासखर्च व भत्ता देण्याची प्रतिवादीची तयारी आहे.
>
> ५. प्रतिवादी स्वतः आज न्यायालयात हजर आहे. २७ नोव्हेंबर किंवा २ डिसेंबर २०२५ या तारखांना, अथवा २४ नोव्हेंबरनंतर माननीय न्यायालयास व साक्षीदारास सोयीच्या अन्य तारखेस, उलटतपासणी घेण्यास प्रतिवादी तयार राहील.
>
> सबब विनंती की, आजची सुनावणी वरीलपैकी एका तारखेपर्यंत तहकूब करावी आणि साक्षीदार क्र. २ यांची उलटतपासणी घेण्याची संधी प्रतिवादीस राखून ठेवावी.
>
> (प्रतिवादीची सही) (प्रतिवादीच्या वकिलांची सही)
> सोबत : १) वैद्यकीय दाखला, २) दाखल नोंदीची प्रत, ३) वादीच्या वकिलांना पाठवलेल्या संदेशाची प्रत.

परिच्छेदांमागील कारणे

दुसरा परिच्छेद हा या अर्जाचा कणा आहे आणि तो जसाच्या तसा उतरवून घेण्यासारखा नाही. त्यातली प्रत्येक ओळ त्या दिवशीच्या वस्तुस्थितीवर टिकली पाहिजे. वकीलपत्रावर दोन वकिलांची नावे असतील, तर ‘एकट्याचेच नाव’ हे वाक्य लिहिताच येत नाही, आणि दुसरे वकील आज का उभे राहू शकत नाहीत हे वेगळे सांगावे लागते. ते दुसऱ्या न्यायालयात गुंतलेले आहेत, हे उत्तर इथे चालत नाही. त्याच परंतुकाचा खंड (ग) वकील अन्य न्यायालयात कामात असण्याला तहकुबीचे कारण मानत नाही. मोठ्या कार्यालयांतून आलेल्या अर्जांची इथे हमखास अडचण होते, कारण सोयीसाठी वकीलपत्रावर पाच-सहा नावे घातलेली असतात आणि आजारी मात्र एकच असतो. अशा वेळी ज्यांनी दाव्याची कागदपत्रे पाहिलेली नाहीत त्यांची नावे घेऊन, आजच्या साक्षीदाराच्या बाबतीत तयारी केवळ आजारी वकिलांचीच होती आणि तिचे हस्तांतरण एवढ्या कमी वेळात शक्य नव्हते, हे प्रांजळपणे लिहावे. न्यायाधीश ते मानतीलच असे नाही, पण लपवलेले नाव समोरच्या वकिलांनी वाचून दाखवणे त्याहून वाईट.

‘काल सायंकाळपर्यंत प्रकृती चांगली होती’ हे वाक्य आकस्मिकता सिद्ध करते. ताप चार दिवसांपासून होता आणि तारखेच्या सकाळी अर्ज आला, तर त्या चार दिवसांत दुसरा वकील का शोधला नाही या प्रश्नाला उत्तर उरत नाही. आधी ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर तो आकस्मिक आजार नव्हेच. तिथे अर्ज तारखेच्या कितीतरी आधी, समोरच्या पक्षाला नक्कल देऊन करायला हवा.

कोणत्या कामासाठी सुनावणी होती, यावरही दुसऱ्या परिच्छेदाचे वजन अवलंबून असते. साठेखतावरील साक्षीदाराची उलटतपासणी नवख्या वकिलाने घ्यावी, अशी अपेक्षा कोणतेही न्यायालय करणार नाही. काम केवळ एखादा दस्त दाखल करण्याचे किंवा म्हणणे देण्याचे असेल, तर मात्र पक्षकार स्वतः किंवा सहकारी ते करू शकतो, आणि तिथे तहकुबी मागणे अनाठायी ठरते. अशा दिवशी अर्ज करण्याऐवजी काम करून टाकावे. शिल्लक असलेली तहकुबी पुढे कधीतरी खरोखर लागते.

ती शिल्लक तिसऱ्या परिच्छेदात मोजली जाते. नियम १ नुसार सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देता येत नाही. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन विरुद्ध भारत संघ या २००५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा वैध ठरवली, पण एखाद्याला गंभीर आजाराने अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागण्यासारखी परिस्थिती पक्षकाराच्या आवाक्याबाहेरची असेल, तर केवळ तीनचा आकडा पूर्ण झाला म्हणून न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत, असेही स्पष्ट केले. तेव्हा आधीच्या तहकुब्या लपवण्यात काहीच हशील नाही; त्या रोजनाम्यात नोंदलेल्या असतात. चौथ्यांदा मागणी करावी लागत असेल, तर या निर्णयाचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात करावा आणि आजचे कारण आधीच्या तीन कारणांपेक्षा कसे वेगळे आहे, ते एका वाक्यात मांडावे.

पाचव्या परिच्छेदातील ठरावीक तारखा अर्जाची विश्वासार्हता वाढवतात. ‘पुढील सोयीची तारीख’ मागणारा पक्ष वेळ काढत असल्यासारखा दिसतो. दाखल्यातील विश्रांती संपल्यावर चार दिवसांनी तयार असलेला पक्ष तसा दिसत नाही. मात्र तारखा देताना दाखल्याशी ताळमेळ ठेवावा. पाच दिवसांचा दाखला आणि दोन महिन्यांची मागणी, ही विसंगती समोरचे वकील प्रथम दाखवतील.

मसुद्यात नसलेली, पण काही प्रकरणांत अत्यावश्यक असलेली एक ओळ इथेच सांगतो. आपल्या बाजूने मिळालेला तात्पुरता मनाई हुकूम ‘पुढील तारखेपर्यंत’ असेल, तर केवळ तहकुबी मागून भागत नाही. तो हुकूम नव्या तारखेपर्यंत पुढे चालू ठेवावा, अशी विनंती त्याच अर्जात स्वतंत्रपणे करावी लागते. सुनावणी पुढे गेली म्हणून हुकूमही आपोआप पुढे गेला, असे गृहीत धरू नये.

दाखल करणे आणि पुकारा

अर्ज कामकाज सुरू होण्यापूर्वी कार्यालयात द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्यावी आणि वादीच्या वकिलांना नक्कल देऊन त्यांचे म्हणणे अर्जावरच लिहून घ्यावे. ‘हरकत नाही’ असा शेरा मिळाला तर काम सोपे होते, पण संमतीने न्यायालय बांधले जात नाही. खंड (घ) मधील खात्री न्यायालयाची व्हावी लागते, समोरच्या वकिलांची नव्हे. न्यायालयाने अर्ज स्वीकारण्यासाठी अधिकृत ई-मेल किंवा ई-फायलिंगची सोय दिलेली असेल तर तिचा वापर करावा, पण त्यावर थांबू नये. पुकारा होताना छापील प्रत प्रकरणात असली पाहिजे.

पुकाऱ्याच्या वेळी पक्षकार आणि मेमो दिलेले सहकारी, दोघेही उभे राहावेत. सहकाऱ्याने अर्जाबाहेर बोलू नये. ‘उलटतपासणी आज थोडी घेता येईल का?’ असे न्यायाधीशांनी विचारले, आणि ते अगदी शक्य आहे, तर घाईने होकार देणे धोक्याचे असते. अर्धवट घेतलेली उलटतपासणी पुढे पूर्ण करण्याची मुभा मिळेलच असे नसते, आणि पहिल्याच प्रश्नांत साक्षीदाराला बचावाची दिशा कळून जाते.

आदेशानंतर

अर्ज मंजूर झाला तरी त्यावरचा आदेश शब्दशः वाचावा. पोटनियम (२) नुसार तहकुबीसोबत खर्चाबाबत आदेश होतो आणि ‘खर्च देण्याच्या अटीवर मंजूर’ हे शब्द आदेशात असतील, तर कलम ३५ख लागू होऊ शकते. त्यानुसार ठरवलेला खर्च आदेशानंतरच्या पुढील तारखेला देणे ही बचाव पुढे चालवण्याची पूर्वअट असते. रक्कम किरकोळ म्हणून ती विसरली जाते आणि पुढच्या तारखेला उलटतपासणीच अडते. हा खर्च वकिलाने सोसायचा की पक्षकाराने, हे त्या दोघांनी त्याच दिवशी ठरवून टाकावे.

अर्ज नामंजूर झाला आणि साक्षीदार हजर असला, तर खंड (ङ) प्रमाणे न्यायालय उलटतपासणीशिवाय साक्ष बंद करू शकते. व्यवहारात याला ‘नो क्रॉस’ म्हणतात. तो आदेश झाल्याचे कळताच, शक्यतो त्याच दिवशी आणि न जमल्यास पुढच्या तारखेच्या आधी, तो रद्द करून साक्षीदाराला पुन्हा बोलावण्यासाठी अर्ज करावा. इथे सकाळचा अर्ज, त्यावरची पोच, वेळेसह दाखला आणि समोरच्या वकिलांना गेलेला संदेश हेच कागद पुन्हा कामी येतात. या वेळी पक्षकाराचे शपथपत्र जोडावे. साक्षीदाराच्या पुनर्हजेरीचा खर्च स्वतःहून देऊ करावा. आणि वकील आता बरे झाले असतील तर त्यांनीच अर्जावर सही करून ते स्वतः उभे राहावेत. उशीर झाला आणि वादीने पुरावा संपल्याची पर्सिस, म्हणजे तशी लेखी सूचना, न्यायालयाला दिली, तर त्यानंतर प्रतिवादीचा पुरावा सुरू होतो आणि मागे जाणे दर तारखेगणिक अवघड होत जाते.